फ्रेमबाहेर राहिलेलं लुगडं

मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ आमचं बॅनरचं दुकान आहे. आमचं म्हणजे मालकाचं. मी तिथे कॉम्प्युटरवर बसते आणि दिवसभर माणसांना जागेत बसवते. गिऱ्हाईक एकच फोटो आणतं आणि म्हणतं, स्टेटसला एक करा, ग्रुपवर टाकायला चौकोनी करा आणि चौकात लावायला मोठा बॅनर. त्याला वाटतं, एकच तर फोटो आहे, त्यात वेळ कसला लागतो. पण स्टेटस उभं असतं, चौकोन चौकोनासारखा आणि बॅनर आडवा. उभ्यातलं आडव्यात घालायचं तर डोकं नाहीतर हात जातो. ओढून लांब केलं तर माणूस रुंद होतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, ताई, आमचे काका एवढे जाड नायत.

म्हणून माणसाला हात लावायचा नाही, मागची जागा वाढवायची. भिंत असेल तर भिंत, झाडं असतील तर झाडं. पूर्वी मी हे तुकडे जोडून जोडून करायचे, अर्धा दिवस जायचा. आता सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटण आलंय. कागद मोठा करायचा, रिकामी जागा निवडायची, निवडताना फोटोची कड थोडी आत घ्यायची म्हणजे सांधा दिसत नाही, आणि बटण दाबायचं. नेटवरून कुठून तरी ते भरून येतं. तीन नमुने दाखवतं, आवडेल तो घ्यायचा. मालकाला या बटणाचं इतकं कौतुक आहे की चहावाल्यालासुद्धा तो ते दाबून दाखवतो.

मला मात्र त्या बटणाचा भरवसा नाही. भिंत वाढवायला सांगितली तर ठीक आहे, भिंतीचं कुणाचं काय जातंय! पण माणूस कडेला कापला गेलेला असेल, तर ते माणूससुद्धा वाढवतं. एकदा एका नवरदेवाचा कापलेला हात त्याने असा पुरा केला की त्याला सहा बोटं आली. नवरदेवाच्या आईने आमच्या दुकानात येऊन जो आवाज केला तो समोरच्या मेडिकलवाल्याला अजून आठवतो.

जवळच्या म्हसा गावची जत्रा, म्हशाची जत्रा, चालू असताना आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. त्या दिवशीही बैलांचा बाजार भरलेला, पाळण्यांचे बॅनर, खानावळींचे बॅनर, शुभेच्छुकांच्या डोक्यांच्या रांगा. मी एका शुभेच्छुकाचं डोकं सरळ करत होते आणि फोन वाजला. आमच्या वाडीतल्या काकीचा होता. शेणव्याच्या पुढे, डोंगराला लागून आमची ठाकरवाडी आहे. तिथल्या बायका पहाटे जीप करून जत्रेला आल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर माझी आई.

काकी रडत होती. "बाय गो, तुजी आय नाय सापडत. भांड्याच्या गल्लीत होती माज्या मागं. मी वळून बगितलं तं नाय."

"कधीपासून?"

"सकाळपासून. आमी समद्या शोदतोय."

"आणि आता सांगतेस?" मी ओरडले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी वळली. ओरडण्याने काही होणार नव्हतं, पण मी अशीच आहे, भीती वाटली की आधी ओरडते.

आईचं डोकं गेल्या दोन पावसाळ्यांपासून ठिकाणावर राहत नाही. शेळ्या ओळखते, झाडं ओळखते, माणसं सटकतात. मला बहुतेक वेळा ओळखते, कधी बहीण समजते. स्वतःचं नाव विचारलं तर हसते. जत्रेतल्या लाऊडस्पीकरवर तिच्या नावाने पुकारा चालला होता, पोलिसांच्या तंबूतही काकीने सांगून ठेवलं होतं. पण नावाने हाक मारून ती येणार नव्हती. तिला दुसऱ्या कुणीतरी ओळखायला हवं होतं, आणि ते फोटो बघूनच होणार होतं. थंडीचे दिवस, अंगावर एक जुनी शाल, पोटात काय गेलंय कुणाला ठाऊक. अंधार पडायच्या आत ती सापडली नाही तर काय, हा विचार मी करत नव्हते असं नाही. मी तोच करत होते.

मी भावाला फोन केला. तो माझ्यापेक्षा लहान, आमच्या वाडीतला पहिला पदवी घेतलेला मुलगा. आसनगावला फ्लॅट, जवळच्या एका गोदामात ऑफिसचं काम, अंगावर इस्त्रीचे कपडे. आईचा अलीकडचा फोटो त्याच्याकडेच होता. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला आई गेली होती तेव्हाचा.

"पाठव लगेच," मी म्हटलं. "आणि तूही ये."

फोटो आला. मागे पडदा, पडद्यावर गुलाबी फुगे, आणि अगदी उजव्या कडेला आई. कमरेपर्यंतच. डावा कोपर फोटोच्या कडेला चिकटलेला. चेहरा मात्र छान आला होता, कपाळावरचं गोंदण स्पष्ट, गळ्यातल्या माळा स्पष्ट. फोटो आडवा आणि थोडा अंधुक होता, कुणीतरी कापून पाठवल्यासारखा. मी फोन केला, "पूर्ण नाय का रे हा? पायापर्यंतचा?"

"नाय, एवढाच हाय," तो म्हणाला. मागून बाईकचा आवाज येत होता, तो निघालाच होता.

मी कामाला लागले. आधी बॅनर, कारण छापायला वेळ लागतो. जत्रेच्या कमानीशी लावायचा, आडवा. आई उजवीकडे होती ती तिथेच ठेवली, आणि डावीकडे मजकुरासाठी पडदा वाढवला. उजवीकडेही थोडा वाढवला, कारण बॅनर बांबूला ठोकताना कड आत जाते आणि तिचा कोपर बांबूखाली गेला असता. बटणाने फुगे आणखी चार काढून दिले. फुगे मला नको होते, हरवलेल्या माणसामागे फुगे कसे शोभतील! मी ते पुसून साधा पडदा केला. खाली मोठा नंबर, वर 'हरवली आहे'. फोटो अंधुक असला तरी बॅनर लांबून बघायचा असतो, चालून जातं. मालकाने मशीनवरचा शुभेच्छुक थांबवून आमचा बॅनर लावला. तो एरवी कटकट्या माणूस आहे, पण त्या वेळी एक शब्द बोलला नाही, हे मी विसरणार नाही.

मग चौकोनी. तिथे डावीकडचा पडदा थोडा कापला, डोक्यावर थोडा वाढवला. गोल डीपीत कुणी लावला तर कोपरे जातात, म्हणून नंबर मध्ये घेतला. तोही झाला.

अडचण आली ती उभ्याची, स्टेटसच्या मापाची. वर जागा हवी ती पडद्याने भरली. पण खाली? खाली फोटो कमरेशी संपत होता. तिथे वाढवायचं म्हणजे आई वाढवायची. ते मला करायचं नव्हतं. मी आईला खाली सरकवलं, आणि कमरेपासून पुढे पिवळी पट्टी टाकली. पट्टीवर लिहिलं, कुठून हरवली, कधी हरवली, नंबर. अगदी खालची आणि अगदी वरची जागा मोकळी ठेवली, कारण तिथे मोबाईलची स्वतःची अक्षरं येतात. कापलेली कड पट्टीच्या मागे गेली. जे आपल्याकडे नाही ते दाखवायचं नाही, एवढा साधा हिशेब होता.

तेवढ्यात भाऊ आला. हेल्मेट काढायच्या आधीच तो स्क्रीनकडे वाकला.

"हे काय? आयेला अर्धी का केलीस?"

"तुझा फोटोच अर्धा हाय."

"अशी अर्धी माणसं दहाव्याच्या बॅनरवर असतात, ताई. पूर्ण कर ना. तुमच्यात ते बटण हाय ना, मालक सांगतात ते."

"त्यानं खोटे पाय येतील."

"येऊ दे. बघू तरी."

मालकही मागून म्हणाला, "दाबून तर बघ." मला वाटलं, एकदा दाखवलं की दोघांचं तोंड बंद होईल. मी पट्टी काढली, कमरेखालची जागा निवडली, बटण दाबलं. नेट रडत होतं. निळी रेघ हळूहळू सरकत होती आणि मी मनात त्या रेघेला शिव्या देत होते.

पहिला नमुना आला. आई पायापर्यंत उभी. कमरेखाली हिरवी साडी, समोर एकसारख्या निऱ्या, घोट्यापर्यंत. पायात काळ्या चपला. एवढी बेमालूम की सांधा मलाच दिसेना. एखाद्या सोसायटीतली आजी सत्यनारायणाला निघाल्यासारखी.

माझी आई आयुष्यात कधी निऱ्यांची साडी नेसलेली नाही. आमच्या ठाकर म्हाताऱ्या लुगडं नेसतात, कासोटा घट्ट मारून, गुडघ्याच्या वर. डोंगर चढायला, रानात मोळ्या बांधायला, चिखलात लावणीला तेच बरं. चपला ती कधी घालत नाही, दिल्या तर हातात घेऊन चालते. त्या बटणाला यातलं काय ठाऊक! त्याने बहुतेक हजार आज्या बघितल्या असतील, त्यात आमच्या वाडीची एकही नसेल.

"बघितलंस?" मी म्हटलं. "ही आये हाय का?"

भाऊ बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून सांगता येत नाही, पण त्यात राग नव्हता. "छान दिसते," तो हळूच म्हणाला. "हाच ठेव."

"वेडा झालास? लोक साडीवाली बाई शोधतील!"

"लोक तोंड बघतात, ताई. साडी कोण बघतं?"

"जत्रेत तोंड कोण बघतं? गर्दीत आधी कपडेच दिसतात."

मशीनकडून मालकाने हाक मारली, बॅनरची शाई एका बाजूला फिकी येत होती. मी उठून गेले. कमान माझ्या डोक्यात होती, कमानीखालून जाणारी माणसं डोक्यात होती. शाईची नळी साफ करून परत आले तेव्हा भाऊ मोबाईलवर होता. त्याने स्क्रीनवरच्या त्या हिरव्या साडीचा फोटो काढून घेतला होता. कडा छाटून, खाली नंबर टाकून तो त्याने स्टेटसला ठेवला होता. कंपनीच्या ग्रुपवर, किन्हवलीच्या शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर, जीपवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. लोकांनी तो पुढे पाठवायला सुरुवातही केली होती. खाली हात जोडलेल्या इमोजींच्या रांगा लागल्या होत्या.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो एवढंच म्हणत राहिला, "आता गेला ना. सापडली म्हणजे झालं." मी माझा पिवळ्या पट्टीचा उभा फोटो पाठवला, पण त्याचा आधीच सगळीकडे फिरला होता. लोक पूर्ण माणूस असलेला फोटोच पुढे ढकलतात. अर्ध्यापेक्षा त्यांना तो बरा वाटतो.

बॅनर घेऊन मालक स्वतः म्हशाला गेला. आम्ही दोघं दुकानात फोन धरून बसलो, कारण नंबर आमचे होते. ऊन शटरच्या पायरीवरून खाली उतरत चाललं होतं. फोन येत होते, पण सगळे विचारणारे. सापडली का? कुठली हो तुमी? एकाला बॅनरचा भाव विचारायचा होता. मी भावाशी बोलत नव्हते, तो माझ्याशी बोलत नव्हता, आणि दोघांची नजर एकाच मोबाईलवर होती.

मग जीपवाल्यांच्या ग्रुपवर कुणा अनोळखी पोराचा मेसेज आला. भावाने वाचला, आणि वाचून मोबाईल उलटा ठेवला. त्या ठेवण्यावरूनच मी समजले. मी मोबाईल ओढून घेतला.

'ही नाय बघितली. आमच्या जीपमधे एक म्हातारी बसलेली म्हशावरनं, तोंड मिळतं हाय पण ती वेगळी. ती लुगड्यावाली, गुडघ्यावर, पायात काय नाय. आमच्या वाडीच्या बायांच्या मागं चढली. आता म्हणते हा माझा गाव नाय, उतरवा. टोकावड्याच्या अलीकडं फाट्यावर उतरवतोय.'

मी ते दोनदा वाचलं. म्हशावरून टोकावड्याला जाणारी जीप मुरबाडातूनच जाते, आमच्या दुकानासमोरून. आई माझ्यासमोरून गेली असणार, मी तेव्हा तिच्यासाठी पडदा वाढवत बसले असणार. तिला आमच्या बायका दिसेनाशा झाल्या, तशीच लुगडी नेसलेल्या दुसऱ्या बायका दिसल्या, आणि ती त्यांच्या मागून गेली. तिच्या दृष्टीने ती हरवलीच नव्हती. आणि आता तिला एका फाट्यावर, रस्त्याच्या कडेला उतरवत होते, कारण फोटोतल्या बाईच्या पायात चपला होत्या.

मी त्या पोराला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. परत लावला. तेच. तिकडे डोंगराच्या वळणाला नेट जातं, हे आम्हाला काय नवीन नव्हतं.

"लिही त्याला," मी भावाला म्हटलं, "तीच हाय म्हणून."

"विश्वास बसेल का? मीच साडीवाला फोटो टाकलाय."

"मग खरा टाक!"

"खरा..." तो थांबला. मग त्याने गॅलरी उघडली, तोच वाढदिवसाचा फोटो काढला, आणि खाली एका जागी बोट दाबलं. फोन असे फोटो कापले तरी मूळचा ठेवतो, परत पहिल्यासारखा करता येतो. फोटो मोठा झाला. वरून पडदा वाढला, खालून फरशी आली. आई पूर्ण उभी होती, पायापर्यंत. फुग्यांसमोर, अनवाणी, लुगडं गुडघ्यावर, कासोटा मारलेला, पिंढऱ्यांवरचं गोंदण दिसत होतं. मुळात फोटो उभाच होता. त्यानेच कमरेखालचं कापून तो आडवा केला होता.

"वाढदिवसाला ऑफिसची माणसं आली होती," तो म्हणाला. "नंतर फोटो ग्रुपवर टाकायचा होता."

त्या क्षणी मला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली. किन्हवलीच्या शाळेत त्याला पोरं काय म्हणून चिडवायची ते मला माहीत होतं. आई त्याला डबा द्यायला यायची, तेव्हा तो कंपाउंडच्या मागच्या बाजूने जाऊन घ्यायचा. पण तेव्हा दया दाखवायला वेळ नव्हता.

"पाठव मला."

त्याने पाठवला. उभ्या मापात बसवायला काहीच लागलं नाही. वर थोडा पडदा, खाली थोडी फरशी. पाय फोटोत होतेच, त्यामुळे बटणाला आईच्या अंगाला हात लावायची गरजच पडली नाही. फरशी भरून आली ती फरशीसारखीच आली. चौकोनात तिच्या दोन्ही बाजूंना पडदा वाढवला, डोक्यापासून पावलांपर्यंत ती मध्ये आली. काम बिनचूक झालं. लाल अक्षरांत लिहिलं, 'आधीचा फोटो चुकीचा, हा बघा'.

"टाक सगळ्या ग्रुपवर," मी म्हटलं. "कंपनीच्याही."

तो मोबाईल हातात धरून बसला. कंपनीच्या ग्रुपचं नाव स्क्रीनवर होतं. आयुष्यात फार कमी वेळा मी गप्प बसले आहे, त्यातली ही एक. त्याने टाकला. मग त्याने माइकचं बटण दाबून धरलं, आणि जीपवाल्यांच्या ग्रुपवर आवाजात बोलला, कारण गाडी चालवणारा माणूस वाचत नाही, ऐकतो.

"दादा, ती म्हातारी माझी आये हाय. आधीचा फोटो मी चुकीचा टाकला. माझी आये साडी नाय नेसत. लुगडं नेसते, गुडघ्यावर. अनवाणी असते. पायावर गोंदलेलं हाय. आमी ठाकर हाव, शेणव्याकडचे. तिला सोडू नका, मी येतोय."

फोटो आणि हाच आवाज त्याने त्या पोराच्या नंबरवर वेगळा पाठवला. मग आवाज कंपनीच्या ग्रुपवरही पाठवला, मी न सांगता.

आम्ही शटर ओढलं आणि बाईकवर बसलो. सरळगाव गेलं. वारा कानात सुया टोचत होता. भाऊ चालवत होता, मी मागे त्याचा मोबाईल धरून बसले होते. त्या पोराच्या नावापुढची एकच टिक तशीच होती. दुसरी येत नव्हती. मी त्या टिकेकडे जशी बघत होते तशी देवाकडेही कधी बघितलं नसेल. उतार लागला की वाटायचं आता येईल. नाही आली. एका बाजूला सूर्य डोंगराला टेकला होता, शेतात वालाच्या काळसर पट्ट्या दिसत होत्या, आणि फाट्यावरून एक अनवाणी म्हातारी कुठल्याही बाजूला चालू लागू शकते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिला जंगल घाबरवत नाही. तिला अंधारही घाबरवत नाही. तेच तर भीतीचं होतं.

मधे आमचीच रेंज गेली होती, ती परत आली तशी दुसरी टिक दिसली आणि लगेच फोन वाजला. भावाने बाईक कडेला घेतली, मी स्पीकर लावला.

"ताय, तो फोटो मगाशी आला, तुमचा फोन लागत नव्हता. हीच हाय." पोराच्या मागे बायकांचा कालवा चालला होता. "आमी तिला फाट्यावर उतरवलेली. पुढं गेल्यावर रेंज आली, परत फिरलो. ती रस्ता सोडून खाली ओढ्याकडं चालत व्हती. बायांनी धरून ठेवलीय. चहाच्या टपरीवर बसलोय आमी, या तुमी."

मी रस्त्याच्या कडेलाच रडले. भाऊ रडला नाही. त्याने फक्त दोन्ही हात हँडलवर ठेवले आणि मान खाली घातली.

टपरीवर पोचलो तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. बाकड्यावर चार-पाच बायका बसल्या होत्या, सगळ्यांची लुगडी गुडघ्यावर, आणि त्यांच्या मधे आई. लांबून मलाही क्षणभर ती ओळखू येईना. ती त्यांच्यातलीच होती. एकीने तिच्या खांद्यावर आपली शाल टाकली होती. बशीतून चहा पीत होती, मजेत.

मला बघून ती हसली. "आलीस गो?" जणू आमचं तिथे भेटायचं ठरलंच होतं. मी तिच्या पायाशी बसले आणि तिची थंडगार पावलं दोन्ही हातात धरली. ओढ्याच्या काठचा ओला चिखल त्यांना लागला होता.

भाऊ दोन पावलं मागे थांबला होता. ऑफिसचा शर्ट, बूट, हातात हेल्मेट. आईने त्याला खालून वरपर्यंत बघितलं. बूट, पँट, शर्ट, मग चेहरा. मग शेजारच्या बाईकडे झुकून तिने विचारलं, "ह्यो साहेब कोण गो?"

ती बाई गडबडली. "तुजा पोर ना आये, तुला न्यायला आलाय."

आईने परत एकदा बघितलं, नीट, मन लावून. मग मान हलवली.

"नाय," ती म्हणाली. "ह्यो नाय. तोंड मिळतं, पण माजा पोर असा नाय."

जीपवाल्या पोराने चहाचा ग्लास खाली ठेवला. भावाने हेल्मेट बाकड्यावर ठेवलं, बूट काढले, मोजे काढले, आणि तो थंड मातीत आईसमोर उकिडवा बसला.

"आये," तो म्हणाला, "मीच हाय. नीट बघ."